घुमणाऱ्या हॉलसाठी निवेदनाची संहिता कशी बदलावी

गडकरी रंगायतनमध्ये किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात छान रंगलेलं निवेदन तसंच्या तसं शाळेच्या बहुउद्देशीय हॉलमध्ये वाचलं, की मागच्या दहा रांगांपर्यंत आवाज पोचतो पण शब्द पोचत नाहीत. लोक एकमेकांना विचारतात, "काय म्हणाल्या?" मग निवेदिका आवाज चढवते, साउंडवाला आवाज वाढवतो आणि गोंधळ आणखी वाढतो. ठाणे-नवी मुंबईत निवेदन करणाऱ्या नव्या मुलामुलींच्या संहिता माझ्याकडे येतात, त्यांत हीच चूक वारंवार दिसते. "हळू बोला" हा सल्ला सगळ्यांना मिळालेला असतो. पण संहिता नाट्यगृहाच्या मापाची असेल, तर मंचावर गेल्यावर हळू बोलताच येत नाही. ते काम आधी कागदावर करावं लागतं.

खालचे टप्पे मी घोडबंदर रोडच्या बाजूच्या एका शाळेच्या बक्षीस समारंभासाठी केलेल्या संहितेवरून सांगते. हॉल सुमारे ३० मीटर लांब, १८ मीटर रुंद, ९ मीटर उंच. खाली टाइल्स, बाजूला काचेच्या खिडक्या, वर पत्र्याचं छत, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. एरवी तिथे मुलं बॅडमिंटन खेळतात.

## टप्पा १ : लिहिण्याआधी हॉल ऐका

संहितेला हात लावण्याआधी हॉलमध्ये एकदा जाऊन या. मंचावर उभं राहून एक टाळी वाजवा आणि गप्प राहा. दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येतात. आवाज लांबत लांबत विरतो, ते घुमणं. समोरच्या भिंतीवर आपटून टाळी वेगळी, स्पष्ट परत येते, तो प्रतिध्वनी. ३० मीटर लांबच्या हॉलमध्ये आवाज जाऊन परत यायला साधारण ०.१७ सेकंद लागतात, म्हणजे मराठीतलं एक अक्षर बोलायला लागतो तेवढा वेळ. तुम्ही दुसरं अक्षर बोलत असता तेव्हा पहिलं परत येऊन त्यावर पडतं.

घुमणं मोजायचं असेल तर मोठा फुगा फोडा. फोनवर आवाज विरण्याचा काळ मोजणारी ॲप्स मिळतात आणि आपल्या कामापुरती ती पुरेशी आहेत. हा काळ म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. आमच्या रिकाम्या हॉलमध्ये तो साडेतीन सेकंदांच्या आसपास आला.

पण कार्यक्रमात हॉल रिकामा नसतो. कपडे घातलेली माणसं आवाज शोषतात. त्याचा अंदाज सेबाइनच्या सूत्राने येतो:

```
T = 0.161 × V / A
```

V म्हणजे हॉलचं घनफळ, घनमीटरमध्ये. A म्हणजे आवाज शोषणारं एकूण क्षेत्र, चौरस मीटरमध्ये. आमच्या हॉलचं घनफळ ४,८६० घनमीटर, म्हणजे रिकाम्या हॉलचं A सुमारे २२४. बसलेला एक माणूस साधारण ०.४५ ची भर घालतो असं धरलं, तर २०० माणसांनी घुमण्याचा काळ अडीच सेकंदांवर येतो आणि ४०० माणसांनी दोनच्या थोडा खाली. समारंभ वेळेवर सुरू झाला तर त्या वेळी अर्धा हॉल भरलेला असतो. म्हणून मी संहिता अडीच सेकंद धरून लिहिली.

त्या आकड्याचा लिहिण्याशी संबंध असा. अडीच सेकंदांत ६० डेसिबल म्हणजे एका सेकंदात २४ आणि अर्ध्या सेकंदात १२. दहा डेसिबलने उतरलेला आवाज कानाला जवळजवळ निम्मा वाटतो. वाक्याच्या तुकड्यानंतर अर्धा सेकंद थांबलात, तर मागचं घुमणं निम्म्याहून खाली जातं आणि पुढचा शब्द त्याच्या वर उभा राहतो. न थांबता बोललात, तर पुढच्या अक्षराच्या वेळी मागचं अक्षर जेमतेम चार-पाच डेसिबलने उतरलेलं असतं. स्वर जोरकस असतात, व्यंजनं दुबळी. मागच्या अक्षरातला "आ" पुढच्या शब्दातला "त" किंवा "प" गिळून टाकतो आणि शब्द ओळखता येतो तो व्यंजनांवरूनच.

तपासा: त्याच फेरीत पंखे सुरू करून बघा. मोठे भिंतीवरचे पंखे लागले की काय काय बुडतं, ते आधीच कळलेलं बरं. मे महिन्यात पंखे बंद ठेवा असं कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा २ : वेळेचं गणित मांडून संहिता कापा

बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि पुढची सगळी मेहनत त्यामुळे वाया जाते.

नाट्यगृहात मी मिनिटाला साधारण १२५ शब्द बोलते. घुमणाऱ्या हॉलमध्ये थांबे धरून तो वेग ८०-८५ वर येतो. तुम्ही तुमचा वेग स्वतः मोजा : संहितेचं एक पान फोनवर घड्याळ लावून वाचा आणि शब्द मोजा.

या समारंभात निवेदनाला एकूण १६ मिनिटं होती. हातात आलेली संहिता २,००० शब्दांची होती. नेहमीच्या वेगाने ती १६ मिनिटांत बसते, मिनिटाला ८२ शब्दांनी तिला २४ मिनिटं लागतात. ही वरची आठ मिनिटं कुठूनही येणार नाहीत. त्यामुळे होतं असं, की पहिली दोन पानं हळू वाचली जातात, मग कुणीतरी विंगेतून घड्याळ दाखवतं आणि बक्षिसांची यादी धावत वाचली जाते. ऐकू येण्याची सर्वांत जास्त गरज नेमकी त्या यादीला असते. म्हणून संहिता १,३०० शब्दांवर आणणं भाग होतं.

कापताना मी या क्रमाने गेले. आधी पाहुण्यांचा परिचय. तो १८० शब्दांचा होता, पदव्या आणि भूषवलेल्या पदांनी भरलेला. त्यातले ६० शब्द ठेवले, बाकीचा कार्यक्रमपत्रिकेत छापायला दिला. मग दोन कार्यक्रमांच्या मधली सांधणारी वाक्यं : "या सुंदर नृत्याने आपणा सर्वांची मनं जिंकल्यानंतर आता आपण वळूया" वगैरे. टाळ्या वाजत असताना ही वाक्यं कुणालाही ऐकू येत नाहीत. शेवटी चारोळ्या. चारोळीचा जीव यमकात असतो आणि यमक ओळीच्या शेवटी येतं, जिथे आवाज उतरलेला असतो. सहापैकी एक ठेवली, ती तिच्या ओळी तीन-चार शब्दांच्या होत्या म्हणून.

सूचना, नावं आणि आभारातली कामाची माणसं कापू नका. आभारात एखादं नाव राहिलं, की त्याची बोच वर्षभर राहते.

## टप्पा ३ : वाक्यं मोडा, आणि क्रियापदाकडे लक्ष द्या

मराठी वाक्याचा अर्थ शेवटी ठरतो, कारण क्रियापद शेवटी येतं. "नाही", "नये", "नका" तर सगळ्यांत शेवटी. आणि बोलताना आपला आवाज खाली येतो तोही नेमका शेवटी. नाट्यगृहात हे खपून जातं. घुमणाऱ्या हॉलमध्ये वाक्याचं शेपूट वाक्याच्याच घुमण्यात बुडतं, आणि त्या शेपटात नकार असेल तर अर्थ उलटतो.

हे मी स्वतः भोगलं आहे. नवी मुंबईतल्या एका हॉलमध्ये, कार्यक्रम संपताना, मी असं वाचलं होतं : "सर्व पालकांना नम्र सूचना आहे की गर्दी टाळण्यासाठी कृपया उजवीकडच्या जिन्याने खाली जाऊ नये." लोक उठायला लागले होते, खुर्च्या सरकत होत्या. त्यांना ऐकू आलं "उजवीकडच्या जिन्याने खाली". सगळे उजवीकडे गेले. तिथे वरून सामान उतरवत होते आणि एका आजींचा तोल गेला. कुणाला लागलं नाही, पण ते वाक्य मी लिहिलं होतं.

आज तीच सूचना मी अशी लिहिते. तिरक्या रेघा म्हणजे थांबे, जितक्या रेघा जास्त तितका थांबा मोठा :

पालकांनो, //
एक मिनिट थांबा. ///
कँटीनच्या बाजूला / जिना आहे. //
कँटीनच्या जिन्याने / खाली उतरा. //
कँटीनच्या जिन्याने / खाली उतरा.

यात काय काय बदललं ते सावकाश बघू. नकार गेला. काय करू नये हे सांगण्याऐवजी काय करायचं एवढंच उरलं. "उजवीकडे" हा शब्दही गेला, कारण चुकीच्या दिशेचं नाव हॉलमध्ये उच्चारलंच नाही तर ते चुकीचं ऐकलं जाण्याचा प्रश्न येत नाही. "डावीकडे"सुद्धा टाळलं. "डावीकडे" आणि "उजवीकडे" या दोन्ही शब्दांचं शेपूट एकच, घुमण्यात शेपूटच उरतं. शिवाय मंचावरून बोलणारीचं डावं आणि बसलेल्यांचं डावं वेगळं. "कँटीन" हा शब्द दोन्हीकडून सारखाच कळतो.

पहिला तुकडा फक्त हाक आहे. हॉल शांत नसेल तर पहिला शब्द हमखास वाया जातो, म्हणून त्यात माहिती ठेवायची नाही. माहिती दुसऱ्या तुकड्यापासून. आणि महत्त्वाचं वाक्य दोनदा, पण अगदी त्याच शब्दांत. पहिल्या वेळी निसटलेला शब्द दुसऱ्या वेळी भरून निघतो, तो वाक्य तेच असेल तरच. दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत सांगितलंत, तर ऐकणाऱ्याला ती नवी सूचना वाटते.

आता स्वागताचा परिच्छेद. मूळ असा होता :

"आजच्या या वार्षिक पारितोषिक वितरण सोहळ्यासाठी आपला बहुमूल्य वेळ काढून आवर्जून उपस्थित राहिलेल्या आपल्या प्रमुख पाहुण्यांचे शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देऊन यथोचित स्वागत करण्यासाठी मी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना व्यासपीठावर येण्याची नम्र विनंती करते."

या वाक्यात कुणी, काय करायचं हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. मुख्याध्यापिका बाईंनासुद्धा आपल्याला बोलावलंय हे उशिरा कळतं. "राहिलेल्या", "करण्यासाठी", "येण्याची" अशी कृदंतं एकात एक अडकवून आपण लांब वाक्यं बांधतो. संहितेत "-लेल्या", "-ण्यासाठी", "-ल्यानंतर" आणि "जे… ते" दिसलं की तिथे कात्री चालते, हे धरून चाला. मोडल्यावर :

नमस्कार. ///
आज आपला / बक्षीस समारंभ. //
आपले प्रमुख पाहुणे / आले आहेत. //
त्यांचं मनापासून स्वागत. ///
मुख्याध्यापिका बाई, //
आपण मंचावर यावं, / ही विनंती. ///
बाई पाहुण्यांचा / सत्कार करतील.

"यावं, ही विनंती" इथे आदर पूर्ण आहे. वाक्य छोटं केलं की उद्धट वाटेल ही भीती सगळ्यांनाच वाटते, आणि मग "कृपया नम्र विनंती आहे की" परत शिरतं. एकदा "बाई" म्हणून हाक मारली, "आपण" म्हटलं, क्रियापद आदरार्थी ठेवलं, की झालं.

शासकीय कर्मणी वळण मात्र पूर्ण काढा. "बक्षीस प्रदान करण्यात येत आहे" यात "करण्यात येत आहे" हे पाच-सहा दुबळे उच्चार घुमण्यात भर घालतात आणि सांगत काहीच नाहीत. "बक्षीस देत आहेत" म्हणा.

तपासा: कुठलाही तुकडा सहा शब्दांपेक्षा मोठा नाही ना? शेवटचे दोन शब्द झाकून वाचा. अर्थ उलटत असेल तर वाक्य पुन्हा लिहा.

सावधान: वाक्य मोडणं म्हणजे कुठेही रेघ मारणं नव्हे. "प्रमुख / पाहुण्यांचे" किंवा "शाळेच्या / मुख्याध्यापिका" असा तुकडा पडला, तर ऐकणाऱ्याला दोन अर्धवट गोष्टी मिळतात. विशेषण आणि नाम, नाव आणि प्रत्यय एकाच तुकड्यात राहायला हवेत.

## टप्पा ४ : आकडे आणि नावं वेगळी काढा

मराठी आकडे घुमणाऱ्या हॉलमध्ये फसवतात. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी : सुरुवात सारखी आणि फरक पुढच्या भागात. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर यांचंही तेच. चेस्ट नंबर किंवा गाडीचा नंबर सांगायचा असेल तर आधी पूर्ण आकडा, मग सुटे अंक : "क्रमांक त्रेसष्ट. // सहा, / तीन." वेळही तशीच : "दीड वाजता जेवण. // एक वाजून / तीस मिनिटं." संहितेत आकडे अक्षरी लिहा, म्हणजे ऐनवेळी ६३ बघून जीभ अडखळत नाही.

नावांची अडचण वेगळी आहे. आजच्या वर्गांत आर्या, आर्यन, आरव, अर्णव एकत्र बसतात. नुसत्या नावाने हाक दिली तर दोन मुलं उठतात, एक अर्ध्या वाटेतून रडवेला परत जातो. हे टाळण्यासाठी क्रम बदला. आधी वर्ग, मग स्पर्धा, मग क्रमांक, आणि सगळ्यांत शेवटी नाव :

इयत्ता सातवी, / तुकडी ब. //
लांब उडी. //
पहिला क्रमांक. ///
(नाव) / (आडनाव). ///

वर्ग आधी सांगितला की त्या वर्गाची मुलं आणि पालक कान टवकारतात, बाकीचे आपोआप बाजूला होतात. नाव ज्यांना ऐकायचं आहे ते तयार असतात. नाव आणि आडनाव यांच्यात अर्धा सेकंद, आणि आडनावावर आवाज खाली आणायचा नाही. वडिलांचं नाव मधे घालायची पद्धत इथे सोडून द्या, फक्त दोन मुलांचं नाव-आडनाव एकच असेल तेव्हा ते घ्या.

"प्रथम, द्वितीय, तृतीय" ऐवजी "पहिला, दुसरा, तिसरा". "द्वितीय" आणि "तृतीय" लांबून एकच ऐकू येतात.

नावांचे उच्चार वर्गशिक्षकांकडून आधी विचारून घ्या आणि कागदावर उच्चाराप्रमाणे लिहा. अडखळून दुसऱ्यांदा घेतलेलं नाव पहिल्याच्या घुमण्यात मिसळतं आणि दोन्ही वेळा कळत नाही.

## टप्पा ५ : कागदावर थांबे लिहा

एका ओळीत एकच तुकडा. अक्षर १८ पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा, कागदाच्या एकाच बाजूला छपाई. पान उलटताना तुकडा तुटू नये म्हणून प्रत्येक पान पूर्ण वाक्यावर संपवा. पानं स्टेपल करू नका, वाचून झालेलं पान बाजूला सरकवा. माइकजवळ कागद उलटला की त्याची खसखसही हॉलभर घुमते.

खुणा तीनच :

/ म्हणजे अर्धा सेकंद.
// म्हणजे एक सेकंद, मनात "एकशे एक" म्हणायला लागतो तेवढा.
/// म्हणजे हॉल शांत होईपर्यंत. इथे मोजायचं नाही, ऐकायचं. टाळ्यांनंतर, हाकेनंतर आणि बक्षीस घेणारं मूल मंचावर पोचेपर्यंत ही खूण.

याशिवाय प्रत्येक तुकड्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करा. ती रेघ दिसली की आवाज तिथपर्यंत धरून ठेवायचा.

दोघांनी मिळून निवेदन करायचं असेल तर एक वाक्य एकाने सुरू करून दुसऱ्याने पूर्ण करण्याची हौस सोडा. दोन आवाज, दोन माइक, मधे थांबा नाही, अशा वेळी हॉलमध्ये फक्त गलका उरतो. एकाने पूर्ण परिच्छेद वाचावा, /// नंतर दुसऱ्याने सुरू करावं.

## टप्पा ६ : घरी सराव, शब्द न ताणता

"हळू बोला" म्हटलं की बहुतेक जण "स्वाऽऽगत", "पाऽऽहुणे" असं ताणतात. याने उलटंच होतं. ताणलेला स्वर हॉलमध्ये जास्त आवाज भरतो, तो विरायला तेवढाच वेळ लागतो आणि पुढचं व्यंजन त्याखाली दडपतं. शब्द त्याच्या नेहमीच्या लांबीचा ठेवा, व्यंजन नीट उच्चारा, आणि वाचलेला वेळ थांब्याला द्या. मंदपणा थांब्यांतून यायला हवा.

सरावासाठी एक सोपा उपाय. दर तुकड्यानंतर टेबलावर बोटाने एक टिचकी द्या, // असेल तिथे दोन. पहिल्यांदा हे फार तुटक वाटतं. खोलीत ते तुटकच ऐकू येतं, कारण खोली घुमत नाही. फोनवर रेकॉर्ड करून घरच्यांना ऐकवलंत तर ते म्हणतील, "असं काय बोलतेस?" तेव्हा बदलू नका. त्या रिकाम्या जागा हॉल भरून काढणार आहे.

तपासा: घड्याळ लावून पूर्ण संहिता वाचा. आमची १,३०० शब्दांची संहिता टाळ्यांशिवाय साडेपंधरा मिनिटांत बसली. तुमची बसत नसेल तर टप्पा २ कडे परत जा, वेग वाढवू नका.

## टप्पा ७ : हॉलमध्ये चाचणी

आदल्या दिवशी किंवा निदान दोन तास आधी, माइक आणि स्पीकर लागल्यावर करा.

आधी साउंडवाल्या दादांशी बोला. मिक्सरवरचा इको बंद करायला सांगा. मांडवात आवाज भारदस्त वाटावा म्हणून तो लावलेला असतो आणि इथे तो हॉलच्या घुमण्यावर दुसरं घुमणं चढवतो. बास कमी करायला सांगा, कारण अशा हॉलमध्ये खालचा जाड आवाज सर्वांत उशिरा विरतो. स्पीकर लोकांच्या दिशेने थोडे खाली झुकवलेले असावेत, पत्र्याकडे किंवा मागच्या भिंतीकडे नकोत. माइक तोंडापासून चार बोटांवर. लांब धरला तर तो तुमच्या आवाजाबरोबर हॉलही उचलतो.

आवाज वाढवून घेण्याचा मोह टाळा. आवाज दुप्पट केला की घुमणंही तेवढंच वाढतं, दोघांतलं अंतर तेच राहतं. मागे कमी ऐकू येतं आणि मागे कळत नाही, या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. पहिलीवर आवाज वाढवा, दुसरीवर थांबे वाढवा.

मग खरी चाचणी. संहिता माहीत नसलेल्या दोघांना कागद-पेन देऊन बसवा, एकाला शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात, दुसऱ्याला हॉलच्या मध्यावर भिंतीलगत. तुम्ही दहा आकडे आणि दहा नावं वाचा, ती त्यांनी लिहून घ्यायची. "ऐकू आलं का?" असं विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. लिहिलेलं तपासा. वीसपैकी अठरा बरोबर आले तर मी पुढे जाते. आमच्या वेळी कोपऱ्यातल्या मुलाचे चौदा आले. चुकलेल्या सहांपैकी चार आडनावं होती आणि चारही वेळा मी आडनावावर आवाज खाली आणला होता. संहिता ठीक होती, वाचणं सुधारावं लागलं. दुसऱ्या फेरीत त्याचे एकोणीस आले.

सावधान: रिकाम्या हॉलमध्ये पास झालात म्हणजे भरलेल्या हॉलमध्ये निश्चिंत, असं नाही. माणसं घुमणं कमी करतात, पण कुजबुज, लहान मुलं आणि मोबाइल आणतात. म्हणून /// ची खूण काढून टाकू नका.

## टप्पा ८ : कार्यक्रमाच्या वेळी

सुरुवातीची पाच मिनिटं सर्वांत कठीण, कारण हॉल अर्धा रिकामा असतो आणि घुमणं जास्त. स्वागताच्या पानावर मी // च्या जागी /// धरून वाचते. हॉल भरत जाईल तसे थांबे थोडे आवळता येतात. मध्यंतरानंतर लोक उठून गेलेले असतात, तेव्हा परत सैल करायचे.

ढोल-ताशा किंवा नृत्याचं संगीत संपताच बोलायला सुरुवात करू नका. शेवटचा ठोका पडल्यावर मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा, मग बोला. निवेदनाखाली मंद संगीत वाजत असेल तर ते बंद करायला सांगा.

पाहुण्यांच्या भाषणाला तुमची संहिता लागू होत नाही, आणि पाहुणे त्यांच्या नेहमीच्या वेगाने बोलणार. पण कार्यक्रम सुरू होण्याआधी, चहाच्या वेळी, आदराने सांगता येतं : "सर, हॉल घुमतो. वाक्यानंतर थोडं थांबलात तर मागच्या मुलांनाही कळेल." बहुतेक जण ऐकतात. जे विसरतात, त्यांच्या भाषणानंतर तुमच्या पहिल्या तुकड्याआधी पूर्ण दोन सेकंद शांतता ठेवा. लोकांच्या कानांना नवा वेग पकडायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

एखादी तातडीची घोषणा चिठ्ठीवर येते : गाडी हलवायची, मूल हरवलंय, कुणाचा मोबाइल सापडला. चिठ्ठी आली तशी वाचू नका. पेन घेऊन तिथेच तीन तुकडे करा : कुणासाठी, काय, कुठे. "गाडीचा नंबर / चार, सात, / एक, दोन. // गाडी गेटवर आहे. // मालकांनी / गेटवर यावं." आणि मग तीच घोषणा त्याच शब्दांत आणखी एकदा. माझ्या फोल्डरमध्ये यासाठी दहा कोरे कागद आणि एक जाड मार्कर कायम असतो, बॉलपेनचं बारीक अक्षर मंचावरच्या प्रकाशात दिसत नाही.